रेंज फुल्ल, नेट गुल

मोबाइलच्या कोपऱ्यात रेंजच्या ज्या काड्या दिसतात, त्यांतली एक काडी म्हणजे नेमका किती सिग्नल, हे कुठल्याही जागतिक नियमात लिहिलेलं नाही. फोन बनवणारी कंपनी म्हणेल ती पूर्वदिशा. २०१० साली आयफोन ४ बाजारात आला तेव्हा हा प्रकार चव्हाट्यावर आला. फोन डाव्या हाताच्या मुठीत घट्ट धरला की काड्या पाचवरून भराभर खाली यायच्या. अॅपलने २ जुलैला जाहीर पत्र काढलं आणि त्यात कबूल केलं, की काड्या किती दाखवायच्या हे ठरवणारं आमचं सूत्रच साफ चुकलेलं आहे आणि फोन बऱ्याचदा दोन काड्या जास्त दाखवतो. आनंदटेक या संकेतस्थळाने तेव्हा मोजमाप करून पाहिलं. फोनचा सिग्नल साधारण उणे ५१ ते उणे ११३ या पट्ट्यात फिरत होता आणि त्यातल्या उणे ९१च्या वर कुठेही असलात तरी पाच काड्याच दिसत. उरलेल्या चार काड्या खालच्या जेमतेम २२ अंकांत कोंबलेल्या होत्या. मूठ आवळल्यावर सिग्नल २० ते २५ अंकांनी पडायचा. तो उणे ५५ असेल तर काडी हलायची नाही, आणि उणे ९०च्या आसपास असेल तर बघता बघता सगळ्या काड्या गायब.

अॅपलने पुढे सूत्र बदललं, पण मूळ गोष्ट तशीच आहे. अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत फोर-जीसाठी उणे ९८च्या वर सिग्नल गेला की काड्या पूर्ण भरतात. मोबाइल कंपनी तिच्या सोयीनुसार ही रेषा हलवूही शकते. मोजपट्टीचं वरचं टोक उणे ४४ आहे. म्हणजे उणे ९८ आणि उणे ४४ या दोन्ही ठिकाणी फोन ‘फुल्ल’च दाखवणार, जरी दोन्हींतला फरक अडीच लाख पटींचा असला तरी. आणि याहून मोठी गोम अशी, की काड्या बहुतेक वेळा फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. तो स्वच्छ आहे की त्यात गोंगाट मिसळलाय, याचा त्यात पत्ता नसतो. ‘टॉवर फुल्ल आहे, तरी नेट चालत नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथूनच सुरू होते.

खरे आकडे फोनमध्येच असतात, फक्त ते दडवलेले असतात. आयफोनवर कॉल करायच्या पाटीवर पहिल्या ओळीतला क्रमांक टाकून हिरवं बटण दाबायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर दुसरी ओळ टाकली की शेवटची चांदणी उमटताच मेनू आपोआप उघडतो. सॅमसंगसाठी तिसरी.

```
*3001#12345#*
*#*#4636#*#*
*#0011#
```

दुसऱ्या ओळीतले ४६३६ हे आकडे जुन्या कीपॅडवर INFO ही अक्षरं दाबली की येतात, एवढंच त्यातलं गुपित. काही कंपन्यांनी हा मेनू बंद केलेला असतो. तसं असेल तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली सिमच्या स्थितीचं पान असतं, तिथे निदान एक आकडा मिळतो: `-97 dBm 43 asu` असा काहीसा. फोर-जीवर हे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. asu मधून १४० वजा केले की डीबीएम निघतो.

मेनू उघडल्यावर हात जरा आवरता ठेवावा. ४६३६ वाल्या पानावर नेटवर्कचा प्रकार बदलायची यादी आणि रेडिओच बंद करायचं बटण असतं. ‘फक्त LTE’ असं करून ठेवलं आणि तुमच्या सिमवर फोर-जीवरून कॉल जायची सोय चालू नसली, तर कॉल येणं-जाणंच थांबतं आणि कारण चार दिवस लक्षात येत नाही. आणखी एक. व्हॉट्सअॅपवर फिरणारे सगळेच चांदणी-हॅशचे क्रमांक असे निरुपद्रवी नसतात. वरचे तिन्ही फोनच्या आतच उघडतात, पण काही क्रमांक थेट कंपनीच्या यंत्रणेला हुकूम सोडतात. तुमचे कॉल दुसऱ्याच्या नंबरवर वळवून ओटीपी लाटण्याचे प्रकार त्यातूनच वाढले. म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून `*401#` सारख्या क्रमांकांवरून कॉल वळवण्याची सेवा थांबवायला लावली.

आता आकड्यांकडे. डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत किती, हे सांगायची रीत. शून्य डीबीएम म्हणजे बरोबर एक मिलिवॉट. दर १० अंक खाली गेलं की शक्ती दहा पटींनी कमी होते आणि ३ अंक खाली म्हणजे जवळपास निम्मी. टॉवरवरून निघालेली शक्ती फोनपर्यंत येईतो इतकी विरते, की उणे ९० म्हणजे एका मिलिवॉटचा शंभर कोटीवा भाग उरतो. फोन तेवढ्यावर मजेत चालतो. उणे असल्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो, पण नियम सोपा आहे: शून्याच्या जितकं जवळ तितका जोर जास्त. उणे ८० हे उणे ११०पेक्षा हजार पट जास्त.

पडद्यावर फोर-जीचे तीन आकडे शोधायचे. पहिला RSRP. टॉवर आपली ओळख पटवण्यासाठी ठरावीक खुणेचे संकेत सतत सोडत असतो, त्यांतल्या एका संकेताचा हा जोर. उणे ८०च्या वर उत्तम, उणे ९०च्या आसपास निर्धास्त, उणे १०० चालण्याजोगं, उणे ११०ला कडेलोट जवळ आला, आणि उणे १२०ला कॉल तुटायला निमित्तच हवं. काही फोन RSSI नावाचाही आकडा दाखवतात. तो सगळ्या पट्ट्यात येणाऱ्या एकूण शक्तीचा, गोंगाटासकट असतो, त्यामुळे RSRPपेक्षा २०-३० अंकांनी चांगला दिसतो. एकाने RSSI वाचायचा, दुसऱ्याने RSRP आणि मग ‘माझा फोन भारी’ म्हणून वाद घालायचा, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

दुसरा आकडा SINR. कुठे तो SNR, कुठे RSSNR नावाने येतो. आपल्याला हवा तो सिग्नल बाकीच्या सगळ्या कालव्यापेक्षा किती डीबीने वर आहे, हे तो सांगतो. २०च्या वर म्हणजे लखलखीत, १०च्या पुढे चांगलं, शून्य म्हणजे सिग्नल आणि कालवा तोडीस तोड, उणे म्हणजे कालवाच वरचढ. काही जुने अँड्रॉइड फोन तो दहापटीत दाखवतात. १३० दिसलं तर ते १३ समजावं. आणि तिथे `2147483647` असा भलामोठा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नये, फोनकडे मोजमापच नाही असा त्याचा अर्थ. तिसरा आकडा RSRQ. त्याचं काम पुढे येईल.

ही तिन्ही मापं एका घरात घेऊन पाहिली, तर काड्या कशा फसवतात ते स्पष्ट दिसतं. पुण्यात हमरस्त्यालगतच्या सोसायटीत आमच्या मावसबहिणीचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दिवाणखान्यात काड्या सगळ्या भरलेल्या, आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठलेला. ‘ताई, कंपनीच बदल,’ असा सल्ला तिला सगळ्यांनी देऊन झाला होता. वाय-फाय बंद करून, एक व्हिडिओ उतरवायला लावून मेनू उघडला. वाय-फाय बंद करायचं कारण असं, की रिकामा बसलेला फोन कधी एका पट्ट्यावर आराम करत असतो आणि काम लागलं की दुसऱ्याच पट्ट्यावर जातो. आपल्याला कामाच्या वेळचे आकडे हवेत.

खिडकीपाशी दिसलं ते असं: बँड ४०, RSRP उणे ८३, RSRQ उणे १५, SINR उणे २. जोर म्हणाल तर उत्तम, आणि तरी कालवा सिग्नलपेक्षा वरचढ! त्याचं कारण खाली शेजारच्या टॉवरांच्या यादीत होतं. त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी दोन टॉवर उणे ८४ आणि उणे ८६वर ऐकू येत होते. एसटी स्टँडवर तीन भोंग्यांतून तीन वेगवेगळ्या गाड्यांच्या घोषणा एकदम सुरू व्हाव्यात, तसं झालेलं. एकही आवाज बारीक नाही, पण सांगलीची गाडी कुठे लागलीय ते काही कळत नाही. चौथ्या मजल्याची उघडी खिडकी हमरस्त्यावरच्या सगळ्या टॉवरांना सारखीच समोर होती.

मग तोच फोन मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात नेला. एक काडी गेली. RSRP उणे १०१वर आला, म्हणजे जोर साठाव्या भागापेक्षा थोडा कमीच उरला. पण RSRQ उणे ११ आणि SINR १३! व्हिडिओ कॉल तिथे न अडखळता चालला. इमारतीच्या भिंतींनी रस्त्याकडच्या टॉवरांना आडोसा केला होता, आणि मागच्या गल्लीतला एकच टॉवर स्वच्छ ऐकू येत होता. किती फरक पडतो याचा हिशेब क्लॉड शॅननच्या १९४८ सालच्या सूत्रातून निघतो. एवढ्याच रुंदीच्या पट्ट्यातून SINR उणे २ असताना जितकी माहिती जाऊ शकते, त्याच्या सहापटीहून जास्त १३ असताना जाते. काडी एक कमी होऊन.

हा खरंच वेगळा टॉवर होता की त्याच टॉवरचं दुसरं तोंड, तेही त्याच पानावर ताडून पाहता येतं. PCI नावाचा ० ते ५०३मधला आकडा बदलला, की सेल बदलला एवढं नक्की. CID नावाचा लांबलचक आकडा मिळाला तर त्याला २५६ने भागायचं. समजा तो ५१२३४५६७ आहे. भागाकार २००१३५ येतो आणि बाकी ७. भागाकार म्हणजे टॉवरवरच्या यंत्रणेचा क्रमांक, बाकी म्हणजे तिचा कुठल्या दिशेचा सेल. दोन खोल्यांतला भागाकार सारखा आला तर टॉवर एकच, वेगळा आला तर टॉवर वेगळा.

आता बँड. हा आकडा वाचल्याशिवाय बाकीच्यांचा अर्थ पुरता लागत नाही. आपल्याकडे फोर-जीसाठी बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, बँड ८ म्हणजे ९००, बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१०० आणि बँड ४० म्हणजे २३००. पडद्यावर बँड लिहिलेला नसेल आणि EARFCN असेल, तर तेवढ्यावरूनही ओळखता येतो: १२०० ते १९४९ असेल तर बँड ३, ३४५० ते ३७९९ असेल तर बँड ८, ३८६५० ते ३९६४९ असेल तर बँड ४०. एकाच टॉवरवरून सारख्याच ताकदीने दोन्ही सोडले, तर मोकळ्या हवेतही ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल २३००पेक्षा साधारण ८ डीबीने जास्त पोचतो. भिंती, स्लॅब आणि झाडं आली की हे अंतर आणखी वाढतं. म्हणून आतल्या खोलीत, लिफ्टजवळ, तळमजल्याच्या दुकानात फोन गुपचूप खालच्या बँडवर उतरतो.

पण खालचे पट्टे अरुंद असतात. बँड ८चा कंपनीच्या हातातला तुकडा बहुधा ५ किंवा १० मेगाहर्ट्झचा, तर बँड ४०चा २०चा. ताईच्या बेडरूममध्ये बँड ८ होता, RSRP उणे ९४, SINR ९. दोन्ही आकडे ठीकठाक, कॉलला झकास, नेट मात्र रात्री नऊला रांगतं. इथे दोष सिग्नलचा नाही. गल्ली चिंचोळी आणि त्यातून सगळी सोसायटी चाललेली. हे ओळखायला RSRQ कामाला येतो. टॉवर रिकामा असेल तर तो उणे ३कडे सरकतो, टॉवर भरून वाहू लागला की शेजारचा कालवा नसतानाही उणे ११च्या आसपास येतो. एकाच जागी, फोन न हलवता पहाटे आणि रात्री बघा. RSRP तोच राहून RSRQ पाच-सहा अंकांनी घसरला, तर गर्दी झालेली आहे. आणि RSRQ उणे ११च्याही बराच खाली, SINR शून्याकडे, असं असेल तर शेजारच्या टॉवरांची सरमिसळ. पहिल्याला कंपनीने क्षमता वाढवण्याशिवाय इलाज नाही. दुसऱ्याला खोली बदलूनही कधी कधी उतारा पडतो.

गडावर जाणाऱ्यांना सरमिसळीचा अनुभव असतो, फक्त तिचं नाव माहीत नसतं. माथ्यावर काड्या भरभरून, आणि फोटो मात्र जात नाही. खाली पसरलेल्या सगळ्या वस्त्यांचे टॉवर तिथून दिसतात, एकही मालकीच्या जोराने वर येत नाही. अशा वेळी कड्यावर हात उंच करून फोन धरण्यापेक्षा दोन पावलं मागे, तटबंदीच्या किंवा खडकाच्या आडोशाला जाऊन एकाच बाजूचे टॉवर दिसतील असं उभं राहावं. RSRP पडेल, SINR चढेल.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत. दोन फोन शेजारी ठेवून ३ डीबीचा फरक दिसला म्हणून निष्कर्ष काढू नयेत. RSRPच्या अचूकतेला जागतिक प्रमाणकातच साधारण परिस्थितीत ६ डीबीची सूट दिलेली आहे. एकच फोन हातात ठेवून, जागेवर अर्धा-एक मिनिट थांबून, आकडा कुठल्या दोन टोकांत डुलतोय ते पाहावं. हाताचा तळवा, जाड धातूचं कव्हर, खिडकीच्या काचेवरची सोनेरी फिल्म यांनी सहज दहा-पंधरा अंक जातात.

शिवाय हे सगळे आकडे टॉवरकडून आपल्याकडे येणाऱ्या वाटेचे आहेत. उलट्या वाटेचे नाहीत. टॉवरचा एक पट्टा ४० वॉटपर्यंत ताकदीने बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉटने. उणे ११५वर तुम्हाला समोरच्याचं नीट ऐकू येतं आणि तो ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ म्हणत बसतो, याचं कारण हे. अशा जागी फोन पूर्ण ताकद लावत राहतो, गरम होतो आणि दुपारपर्यंत बॅटरी बसते.

कोकणात पावसाळ्यात आणखी एक गंमत दिसते. धो धो पावसात नेट मरतं आणि सगळे म्हणतात, पावसाने रेंज गेली. मेनू उघडून पाहिलं तर RSRP जवळपास काल होता तोच. फोर-जीच्या फ्रिक्वेन्सीवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. ओल्या रानाने थोडाफार आकडा खातो तेवढाच. पण डोंगरातले बरेचसे टॉवर केबलने नाही, तर गोल तबकडीच्या मायक्रोवेव्हने एकमेकांना जोडलेले असतात. १५-१८ गिगाहर्ट्झच्या त्या लहरींना मुसळधार पाऊस चांगलाच अडवतो. म्हणजे तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतची वाट ठणठणीत आणि टॉवरपासून पुढची बुडालेली. तिन्ही आकडे चांगले असून नेट नाही, तेव्हा संशय तिकडे न्यावा. RSRPच नाहीसा होऊन फोन दूरचा एखादा टॉवर उणे ११८वर धरू लागला, तर बहुधा वीज गेलेली आणि टॉवरची बॅटरीही संपलेली.

आकडे पाहून काय करायचं, तर आधी राउटर किंवा हॉटस्पॉटचा फोन ठेवायची जागा ठरवायची, आणि ती RSRPवर नाही, SINRवर. घरात कुठेच उणे ११०च्या वर येत नसेल पण ब्रॉडबँड असेल, तर सेटिंगमधलं वाय-फाय कॉलिंग चालू करावं. ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नयेत. परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात बेकायदा आहे, आणि ते सिग्नलसोबत कालवाही वाढवतात. तुमच्या पडद्यावर RSRP उणे ७० झालेला दिसतो आणि शेजारच्या चार इमारतींचा SINR पडतो.

कंपनीकडे तक्रार करताना ‘रेंज नाही’ एवढंच सांगितलं की उत्तर ठरलेलं: फोन बंद करून चालू करा. त्याऐवजी पडद्याचा फोटो काढून जागा, वेळ, बँड, PCI, RSRP आणि SINR लिहून द्या. ताईने तसं लिहून दिलं: ‘बँड ४०, रात्री ९, RSRP उणे ८३, SINR उणे २, त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी दोन सेल तीन अंकांच्या आत.’ फोन बंद करून चालू करायला या वेळी कुणी सांगितलं नाही. तक्रार थेट त्या भागातल्या अँटेनांचे कोन बघणाऱ्या माणसाकडे गेली आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो मजला कितवा याचा.